नटून थटून आलेली शिवी

नमस्कार मंडळी, आज जरा शिव्यांवर बोलायचंय. घाबरू नका, रेडिओवर चालतील अशाच, आणि त्यातल्या बहुतेक चारशे वर्षं जुन्या आहेत.

शेक्सपिअरचं किंग लिअर बऱ्याच जणांना माहीत असतं ते म्हाताऱ्या राजाच्या शोकांतिकेसाठी. राज्य वाटून टाकलं, मुली उलटल्या, वादळात वेडा झाला वगैरे. पण याच नाटकात दुसऱ्या अंकात एक सीन आहे, पहाटेची वेळ, ग्लॉस्टरच्या वाड्याबाहेर दोन माणसं समोरासमोर येतात. एक ऑस्वल्ड, राजाच्या थोरल्या मुलीचा कारभारी. दुसरा केंट, हा खरा मोठा सरदार, पण राजाने त्याला हद्दपार केलेलं म्हणून वेष बदलून नोकर बनून त्याच राजाच्या चाकरीत राहिलेला. ऑस्वल्ड बिचारा चांगलं बोलतो, म्हणतो राम राम दोस्ता, घोडे कुठे बांधू? केंट म्हणतो चिखलात. असं दोनचार वाक्यं होतात आणि मग ऑस्वल्ड वैतागून विचारतो की अरे मी तुला ओळखत पण नाही, तू मला काय म्हणून ओळखतोस?

बस, हा प्रश्न विचारायला नको होता त्याने.

केंट सुरू होतो. आधी दोन छोट्या शिव्या, हरामखोर, बदमाश. मग म्हणतो उष्टं खाणारा. मग नुसती विशेषणं सुरू होतात, नीच, गर्विष्ठ, उथळ, भिकारडा, तीन पोशाखवाला, शंभर पौंडी, घाणेरडा, लोकरी मोजेवाला... आणि आपण वाट बघतोय की अरे पण कोण? हे सगळं कोणाला लावायचंय? तेव्हा कुठे शेवटी नाम येतं, हरामखोर. म्हणजे एवढी मोठी वरात आली आणि आतून नवरदेव निघाला तो मघाचाच! विशेषणं आधी आणि नाम शेवटी ही रचना आपल्या मराठीत पण तशीच चालते, त्यामुळे हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, प्रत्येक विशेषणाला आवाज थोडा थोडा चढत जातो आणि नामावर आपटतो. हसू तिथे येतं, आपटण्यावर.

पण नुसती लांबी नाही हां. त्यातली एकेक गोष्ट बघितली ना तर लक्षात येतं की केंट उगाच तोंडाला येईल ते बोलत नाहीये. तीन पोशाखवाला का? तर त्या काळी नोकराला मालकाकडून वर्षाला तीन जोड कपडे मिळायचे असं अभ्यासक सांगतात. लोकरी मोजे का? तर सभ्य गृहस्थ रेशमी मोजे घालायचे, लोकरीचे घालणारा म्हणजे खालचा. पुढे म्हणतो पांढऱ्या काळजाचा, कारण काळजात रक्त नसलं की माणूस भित्रा अशी समजूत होती. मग खटलेबाज, म्हणजे अंगावर आलं की तलवार न काढता कोर्टात धावणारा. आरशात बघत बसणारा. आणि माझं सगळ्यात आवडतं, सगळी इस्टेट एका ट्रंकेत मावणारा. बघा, शिवी म्हणून यात घाणेरडं काय आहे? काहीच नाही. पण ट्रंक ऐकली की तो माणूस डोळ्यासमोर उभा राहतो, त्याची ती एकुलती एक ट्रंक, आणि तरी चालण्यात केवढा तोरा!

इथे एक गंमत अशी की केंट स्वतः यावेळी नोकराच्या वेषात आहे, आणि तो समोरच्याला शिव्या काय घालतोय तर तू नोकर आहेस, तुझे मोजे स्वस्तातले आहेत. खरा नोकर असं बोलेल का? हे सगळं सरदाराला दिसणारं आहे. म्हणजे कपडे बदलले, आवाज बदलला, पण शिवी द्यायची वेळ आली की आतला सरदार बाहेर आला. प्रेक्षकांना तो कोण आहे हे माहितीय, ऑस्वल्डला माहीत नाही, म्हणून तर तो चक्रावून जातो की हा फाटका माणूस मला कपड्यांवरून बोलतोय?

आणि शेवट तर कळसच. कुत्रीचा पोर ही शिवी जगात सगळीकडे असावी, त्यात काय नवीन. पण केंट म्हणतो संकरित कुत्रीचा पुत्र आणि वारस. वारस! मृत्युपत्रातला शब्द उचलला आणि शिवीत ठेवला, म्हणजे नुसता जन्माने नाही, कायदेशीर कागदपत्रांसकट कुत्रीचा. आणि वर धमकी देतो की या पदव्यांमधलं एक अक्षर जरी नाकारलंस तर केकाटेपर्यंत मारीन. पदव्या म्हणतो तो त्यांना! म्हणजे इतका वेळ आपण ऐकत होतो ती शिवीगाळ नव्हतीच, ती दरबारात भालदार मोठ्या माणसाच्या नावापुढे बिरुदं ललकारतात ना तसली बिरुदावली होती. साचा सन्मानाचा आणि आत भरलेला माल हा असला. मला वाटतं भरजरी भाषेत दिलेली शिवी जास्त हसवते त्याचं मोठं कारण हेच आहे, भाषा हात जोडून उभी असते आणि अर्थ लाथ मारत असतो, आणि आपल्याला दोन्ही एकदम दिसतं.

दुसरं कारण रागाशी संबंधित आहे. खरा राग आलेला माणूस लांब वाक्य बोलू शकत नाही हो. त्याला एकच शब्द सुचतो, तोच तो परत परत ओरडतो. पण जो माणूस ट्रंकेपर्यंत पोचतो, मोज्यांचं कापड बघतो, वारस शब्द शोधून आणतो, तो रागावलेला असला तरी त्याला मजा येतेय हे लपत नाही. आणि त्याला मजा येतेय हे कळलं की आपण घाबरायचं सोडून ऐकायला लागतो. म्हणून हा सीन करताना नट पहिल्या शब्दापासूनच किंचाळायला लागला की सगळं पडतं, प्रेक्षकांना नुसता आवाज ऐकू येतो, ट्रंक ऐकूच येत नाही.

ते तीन कॉलमचे तक्ते बघितलेत का तुम्ही, पहिल्या कॉलममधून एक विशेषण, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून एक नाम उचला आणि झाली तुमची शेक्सपिअरी शिवी तयार? मुलांना मजा येते त्यात, येऊदे. पण दोनतीन शिव्या झाल्या की ते फिकं पडतं, कारण ती शिवी कोणालाच लागत नाही. शब्द जुने आहेत, जड आहेत, पण समोर माणूसच नाही. केंटची यादी ऑस्वल्डच्या मापाने शिवलीय, ती दुसऱ्याला घातली तर ढगळ होईल.

समोरचा कसा उत्तर देतो यावरही बरंच अवलंबून असतं. ऑस्वल्ड एवढं सगळं ऐकून म्हणतो काय, तर तू किती भयंकर माणूस आहेस, ओळख ना पाळख आणि एवढा बोलतोस! बिचाऱ्याला फक्त नवलच करता येतं. याच्या बरोब्बर उलटं उदाहरण फ्रेंच नाटकातलं, एदमों रोस्ताँचं सिरानो द बर्जराक, 1897 सालचं. सिरानोचं नाक प्रचंड मोठं. एक उमराव त्याला डिवचायला येतो आणि म्हणतो तुमचं नाक... अं... खूप मोठं आहे. संपलं! सिरानो म्हणतो हे फारच थोडक्यात झालं तरुण माणसा, आणि मग स्वतःच्याच नाकावर वेगवेगळ्या ढंगात काय काय बोलता आलं असतं ते म्हणून दाखवतो, एका ढंगात तर खडक, शिखर, भूशिर, छे भूशिर कसलं, द्वीपकल्पच! त्या उमरावाचा गुन्हा अपमान केल्याचा नाही, कंटाळवाणा अपमान केल्याचा आहे. थोड्या वेळाने तो उमराव चिडून चारपाच साध्या शिव्या एका दमात हासडतो, मवाली, गावंढळ वगैरे, तर सिरानो टोपी काढून अदबीने वाकतो आणि म्हणतो असं होय? आणि मी सिरानो साविनिआं एर्क्युल द बर्जराक. जणू त्या शिव्या म्हणजे समोरच्याने स्वतःची करून दिलेली ओळख!

आता हे कुठे थांबतं तेही सांगतो. शेक्सपिअरच्याच चौथा हेन्रीच्या पहिल्या भागात, 1598 साली छापलेलं नाटक हे, त्यात राजपुत्र हॅल आणि लठ्ठ म्हातारा फॉलस्टाफ गुत्त्यात बसून एकमेकांना याच पद्धतीने धुतात. हॅल त्याला मांसाचा डोंगर म्हणतो, फॉलस्टाफ त्याला वाळवलेला मासा, शिंप्याची पट्टी, तलवारीचं म्यान असं काटकुळ्या वस्तूंची रांग लावून म्हणतो आणि मध्येच ओरडतो की अरे तुझ्यासारखं काय काय आहे हे सांगायला मला दम पुरत नाहीये! हॅल म्हणतो घे, जरा श्वास घे, मग परत सुरू कर. दोघं खेळतायत हे इथे उघडउघड कळतं, दुसऱ्याच्या श्वासाची वाट बघणारा माणूस भांडत नसतो.

मग ते नाटकातलं नाटक करतात. हॅल राजा होतो, फॉलस्टाफ राजपुत्र. राजा झालेला हॅल फॉलस्टाफवर परत तीच बरसात करतो, रोगांनी सुजलेलं गाठोडं, दारूचा बुधला, पोटात मसाला भरून भाजलेला बैल, सगळे हसतात. फॉलस्टाफ राजपुत्राच्या भूमिकेतून स्वतःचीच वकिली करतो, बाकी सगळ्यांना हाकला पण त्या गुबगुबीत जॅकला, म्हणजे फॉलस्टाफलाच, नका हाकलू, त्याला हाकलणं म्हणजे सगळं जगच हाकलणं. यावर हॅल उत्तर देतो, हाकलतोय, आणि हाकलणारच. मूळ इंग्रजीत चार छोटे शब्द. ना विशेषण, ना बैल, ना बुधला. आणि डोंगर म्हटल्यावर न लागलेला माणूस इथे पहिल्यांदा जखमी होतो, कारण सजावट गेली की खेळ पण गेला, उरला फक्त निर्णय.

लगेच दार वाजतं, शेरीफ शिपायांना घेऊन आलाय म्हणून त्यांचा साथीदार बारडॉल्फ धावत येतो. आणि फॉलस्टाफ त्याला म्हणतो चल हट, नाटक पूर्ण होऊदे, त्या फॉलस्टाफच्या बाजूने मला अजून पुष्कळ बोलायचंय.