वर्गातलं वर्षचक्र

[दृश्य: वर्गाची फरशी, मधोमध सुतळीचं टोक दाबून धरलेली एक मुलगी, दुसऱ्या टोकाला खडू]

सुतळी 116 सेंटीमीटरची आहे. एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की त्याचा परीघ जवळजवळ 730 सेंटीमीटर भरतो, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवसाच्या वाट्याला 2 सेंटीमीटर येतात. जानेवारी 62 सेंटीमीटरचा, फेब्रुवारी 56चा. चौथी-पाचवीची मुलं हे गणित स्वतः करतात आणि करू द्यावं.

चूक बहुतेक वेळा इथेच होते. महिन्याची खूण करायला मुलं सरळ मीटरपट्टी टेकवतात. पण वर्तुळाची कड वाकडी असते. सरळ 62 सेंटीमीटर धरले की कडेवरचे जवळपास पाऊण सेंटीमीटर जास्त खर्च होतात, आणि डिसेंबरला येईपर्यंत चार दिवसांची जागा कमी पडते. म्हणून दोरा कडेला लावून मोजायचं. डिसेंबर अपुरा राहिला, तर पट्टी कुठे वापरली ते शोधायचं.

[दृश्य: मुलं तीन रंगांचे खडे मांडतात]

आता सण. 2022 ते 2025 या चार वर्षांच्या तारखा कॅलेंडरमधून काढायच्या. पांढरे खडे संक्रांतीचे: 14, 15, 15 आणि 14 जानेवारी. चारही खडे एकमेकांना खेटून बसतात, कारण संक्रांत सूर्यावर चालते.

हिरवे खडे रमजान ईदचे. 3 मे, 22 एप्रिल, 11 एप्रिल, 31 मार्च. दोन खड्यांमध्ये दोरा धरा, दर वेळी 22 सेंटीमीटर, म्हणजे 11 दिवस. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष 365चं, त्यातला हा फरक. सुमारे 33 वर्षांत ईद सगळे ऋतू फिरून येते.

केशरी खडे लक्ष्मीपूजनाचे, महाराष्ट्रातल्या तारखांनी: 24 ऑक्टोबर, 12 नोव्हेंबर, 1 नोव्हेंबर, 21 ऑक्टोबर. शेवटचे तीन खडे बघा. तिथेही तेच 22 सेंटीमीटर! दिवाळीसुद्धा चंद्रावरच चालते, दरवर्षी 11 दिवस मागे सरते. मग 2023 साली ती 38 सेंटीमीटर पुढे कशी गेली? त्या वर्षी अधिक श्रावण होता. मुलांच्या आजीला विचारलं तर ती म्हणेल, धोंड्याचा महिना. तो महिना घातला नसता, तर दिवाळीही ईदसारखी उन्हाळ्यात जाऊन आली असती. हे मुलांना सांगू नये, खडे मांडून त्यांच्याच तोंडून येऊ द्यावं.

[दृश्य: दोन सुपं शेजारी]

पांढऱ्या खड्यांजवळच्या सुपात भोगीची भाजी: हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, गाजर, वांगी, उसाचं कांडं, बोरं. शेंग सोलली की दाणा ओला, हिरवा, नखाने दबतो. हिरव्या खड्यांजवळच्या सुपात शिरखुर्म्याचं सामान: शेवया, खारीक, बदाम, चारोळी. हे सगळं सुकं. खारीक हातात घेतली तर टणक लागते, टाकली की टक्कन वाजते. मुलांना एकच प्रश्न द्यायचा: यातलं काय मे महिन्यात मिळेल? उत्तर भाजीवाल्या मावशींकडून आणि किराणा दुकानातून आणायचं. बोरं आणि घाटे मे महिन्यात मिळत नाहीत, शेवया-खारीक बारा महिने मिळते. एका जागी थांबलेल्या सणाच्या ताटात त्या आठवड्यातलं शेत असतं. ऋतूंमधून फिरणाऱ्या सणाचं सामान कुठल्याही महिन्यात दुकानात सापडतं.

खायला देण्याआधी तीळ, शेंगदाणे, सुकामेवा कुणाला बाधतो का, ते पालकांना विचारून ठेवावं. रमजान चालू असेल, तर सुपं नुसती बघायची. वर्गात रोजा धरलेलं मूल असू शकतं.

आणखी एक सांभाळायचं. ‘तुमच्यात काय करतात?’ असं एकाच मुलाकडे वळून विचारलं, की ते मूल अख्ख्या समाजाचा वकील होऊन बसतं आणि गप्प होतं. ‘तुझ्या घरी त्या दिवशी काय शिजतं?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारावा. मग कळतं की भोगीची भाजीसुद्धा दोन घरांत सारखी नसते.

[दृश्य: हिरव्या खड्यांपासून जानेवारीकडे सरकणारा दोरा]

शेवटी दोरा 31 मार्चवर ठेवून 22 सेंटीमीटरच्या सात उड्या मागे मारायच्या. साल येतं 2032, जागा येते 13 जानेवारीच्या आसपास. नेमका दिवस चांद दिसल्यावरच ठरणार, म्हणून तिथे खडा ठेवायचा नाही. खडूने दोन दिवसांच्या दोन रेघा ओढायच्या. आज दहा वर्षांची असलेली मुलं तेव्हा केवढी असतील, याची बोटांवर मोजणी सुरू होते. आणि कुणीतरी भोगीचं सूप उचलून त्या रेघांपाशी, शिरखुर्म्याच्या सुपाला लावून ठेवतं.