फॉल्ट गेला, फ्लक्स उरला

(पुण्यात सबस्टेशन अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. लोणीकंद, चाकणच्या ४०० केव्ही यार्डात तुमच्यापैकी बरेच जण रोज वावरतात, त्यामुळे सीटी म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. आज एकच प्रसंग घेऊ. लाइनवर फॉल्ट आला, ब्रेकर ट्रिप झाला, सेकंदाभराने ऑटो-रिक्लोजने तो पुन्हा क्लोज केला, आणि फॉल्ट अजून तिथेच आहे. या दुसऱ्या वेळी सीटी रिलेला खरा करंट दाखवेल का?

फॉल्टच्या करंटमध्ये ५० हर्ट्झच्या भागाबरोबर विरत जाणारा डीसी भाग असतो. एसी भागामुळे कोअरमधला फ्लक्स वर-खाली होतो. डीसी भाग मात्र त्याला एकाच दिशेने चढवत नेतो. एसी फ्लक्सच्या शिखराला १ एकक म्हणू. सिस्टीमचा टाइम कॉन्स्टंट ५० मिलिसेकंद, डीसी ऑफसेट पूर्ण, आणि फॉल्ट १०० मिलिसेकंदांत तुटतो असं धरलं, तर अखंड कोअरच्या सीटीत फ्लक्स साधारण १४.५ एककांपर्यंत चढतो. आपली सीटी १५ ला सॅच्युरेट होते असं समजा. म्हणजे पहिल्या वेळी ती निभावते.

आता करंट तुटला. अखंड कोअरमधला फ्लक्स शून्यावर येत नाही. चढलेल्यापैकी मोठा भाग तिथेच अडकतो. १० एककं उरली असं धरू, हे अजिबात टोकाचं नाही. हा फ्लक्स आपोआप जात नाही. रिक्लोज यशस्वी झाला तरी लोड करंट त्याला हलवत नाही, कारण लोडचा फ्लक्स इतका छोटा असतो की तो त्याच पातळीभोवती बारीकसा फिरतो. तो तसाच दिवसेंदिवस राहू शकतो.

दुसऱ्या फॉल्टचा डीसी भाग त्याच दिशेने आला, तर जागा उरली फक्त ५ एककांची. त्यातलं एक एसीला, चार डीसीला. हिशेब केला तर ती १५ मिलिसेकंदांत भरतात, एक सायकलही पुरी होत नाही. डीसी उलट दिशेने आला तर उरलेला फ्लक्स उलट मदतच करतो. पण रिक्लोज लाटेच्या कोणत्या बिंदूवर होईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून वाईट दिशाच धरायची.

रिलेचा डिस्टर्बन्स रेकॉर्ड उघडा. दुसऱ्या शॉटमध्ये एका बाजूचं अर्धचक्र चढतं आणि नैसर्गिक शून्याच्या आधीच धाडकन खाली कोसळून सपाट होतं. दुसऱ्या बाजूचं बरंच शाबूत असतं. डिस्टन्स रिलेला करंट कमी दिसतो, म्हणून फॉल्ट आहे त्यापेक्षा लांब वाटतो, आणि झोन-१ ची ट्रिप रेंगाळते. अंतिम ट्रिप सर्वांत झटपट हवी तिथेच ती उशिरा येते, हे मला खरोखर टोचतं.

यावर उपाय म्हणजे कोअरला मुद्दाम छोट्या फटी ठेवणं. आकडे बघा. कोअरची लांबी १ मीटर आणि पोलादाचं कोअर्सिव्ह बल १० अँपिअर प्रति मीटर धरा. करंट गेल्यावर फ्लक्स धरून ठेवायला कोअरकडे जेमतेम १० अँपिअर-टर्न्स आहेत. फट एकूण ०.२ मिलिमीटरची असेल, तर एवढ्या बळावर हवेतून ०.०६ टेस्लाच टिकतो. अखंड कोअरमध्ये १ टेस्लाहून जास्त सहज टिकतो. टीपीवाय वर्गात उरलेला फ्लक्स सॅच्युरेशनच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, तो या फटींच्या जोरावर.

फटीमुळे मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स घटतो, आणि सेकंडरी सर्किटचा टाइम कॉन्स्टंट समजा ०.५ सेकंदावर येतो. तोच फॉल्ट पुन्हा लावा. पहिल्या वेळी डीसी फ्लक्स सुमारे १२ एककं. १ सेकंदाच्या डेड टाइममध्ये तो बर्डनमधून उतरून साधारण १.६ वर येतो. दुसऱ्या फॉल्टच्या शेवटी एसीसकट एकूण १४.२ होतात. सीटी तीच, १५ ची. आता ती तरते. डेड टाइम ०.३ सेकंदाचा असेल, तर मात्र साडेसहा एककं उरतात आणि ही सीटी पुरत नाही. कोअर मोठा घ्यावा लागतो. म्हणून ऑर्डरमध्ये नुसतं टीपीवाय लिहून भागत नाही. फॉल्टची वेळ आणि डेड टाइम यांचं पूर्ण ड्यूटी सायकल द्यावंच लागतं.

याची किंमतही आहे. फटीमुळे मॅग्नेटायझिंग करंट वाढतो, म्हणून अशा कोअरवर मीटरिंग नको. दुसरं असं, की फ्लक्स बर्डनमधून उतरतो म्हणजे ब्रेकर उघडल्यावरही सेकंडरीत विरत जाणारा डीसी करंट वाहत राहतो. ब्रेकर फेल्युअर रिलेला वाटतं, करंट अजून थांबला नाही. त्याचा करंट डिटेक्टर उशिरा रीसेट झाला, तर शाबूत ब्रेकरला नापास ठरवून तो अख्खी बस ट्रिप करेल. म्हणून ब्रेकर फेल्युअरसाठी अखंड कोअर वापरा, किंवा हा विरता करंट ओळखणारा रिले घ्या, आणि टायमर ठरवताना रीसेटची वेळ मोजून धरा.