यंत्राने ४६२ छापलं, पट्टीने ५३७ निघालं: मनोविकाराच्या गोळ्या आणि क्यूटी
(बेळगावात फॅमिली डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज सगळ्या औषधांची यादी वाचून दाखवणार नाही. यादी मोबाइलवर मिळते. एकच पेशंट घेऊ आणि तिच्याबरोबर चालत जाऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

निपाणीकडच्या एका गावातल्या, सदुसष्ट वर्षांच्या काकू. नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम १५ मिलिग्रॅम आणि झोपेसाठी रात्री क्वेटियापिन ५०. ही चिठ्ठी मिरजेची. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची जोडगोळी, ती गावातली. ‘गॅस’साठी ओमेप्राझोल, ते कुणी लिहिलं ते घरात कुणालाच आठवत नाही. दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, म्हणून कुणीतरी ओन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन दिलं आणि ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या लिहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात पडल्या. सून सांगत होती, "डॉक्टर, अत्तींच्या डोळ्यापुढं अंधारी आली नि दाणकन पडल्या, हातपाय वाकडे झाले, मिनिटभरात उठून बसल्या." गावात कुणी म्हणालं फिट आली, कुणी म्हणालं अशक्तपणा.

आता ही यादी पुन्हा वाचा. एस्सिटालोप्रॅम, क्वेटियापिन, ओन्डान्सेट्रॉन, ओफ्लॉक्सासिन. चौघंही क्यूटी लांबवतात, कुणी जास्त, कुणी कमी. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची एक वाट असते, ती ही औषधं अडवतात. मग पेशीला ठोक्यानंतर पूर्वस्थितीला यायला वेळ लागतो. ईसीजीवर ते टी लाट उशिरा संपण्यात दिसतं. त्या लांबलेल्या अवस्थेत एखादा चुकार ठोका पडला, तर टॉर्साद द प्वांत ही ठोक्यांची गोंधळाची मालिका सुरू होते. ती आपोआप थांबली तर माणूस भोवळ येऊन पडतो आणि उठतो. नाही थांबली तर उठत नाही.

आणि बाकीची औषधं? क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घालवतं, जुलाब-उलट्यांनी आणखी गेलं. एस्सिटालोप्रॅम मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला ओमेप्राझोल अडवतं, म्हणजे रक्तातली पातळी चढते. लांब काळ घेतलं तर ओमेप्राझोल मॅग्नेशियमही कमी करतं. शिवाय ६५ वर्षांवरील पेशंटला एस्सिटालोप्रॅमची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम धरावी अशी सूचना आहे, इथे १५. बायकांचा क्यूटी पुरुषांपेक्षा मुळातच थोडा लांब असतो. एकेक गोष्ट सुटी घेतली तर बहुतेक पेशंट तिच्यातून सुखरूप निघतात. काकूंच्या बाबतीत सगळ्या एकाच आठवड्यात एकावर एक आल्या.

आपल्याकडे हे जास्त घडतं, कारण एका पेशंटच्या चिठ्ठ्या तीन गावांच्या असतात. कुणी कोल्हापूरला जातं, कुणी मिरजेला, कुणी बेळगावात येतं, कुणी धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारलं तर ‘बीपीची एक, झोपेची एक’ एवढंच कळतं. त्यापेक्षा घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा आणि पिशवी टेबलावर उपडी करा. काकूंची पिशवी उपडी केल्यावर तीन मिनिटांत अंदाज आला होता, ईसीजी नंतर काढला.

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात यंत्राने क्यूटीसी ४६२ छापलेलं. इथेच बरेच जण फसतात. पोटॅशियम कमी असलं की टी लाट सपाट होते आणि यंत्राला तिचं शेपूट सापडत नाही. म्हणून पट्टी घेऊन हाताने मोजायचं. लीड २ किंवा व्ही ५ घ्या. क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंत. टीचा उतार जिथे सर्वात तीव्र, तिथून एक सरळ रेषा खाली ओढा. ती मूळ रेषेला छेदते ते टीचं टोक. त्यापुढे छोटी वेगळी यू लाट असेल तर ती धरू नका. नेहमीच्या २५ मिलिमीटर वेगाच्या कागदावर एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा.

काकूंचं मोजलं: क्यूटी १२ चौकोन, म्हणजे ४८० मिलिसेकंद. दोन ठोक्यांमधलं अंतर, आरआर, २० चौकोन, म्हणजे ०.८ सेकंद, ठोके मिनिटाला ७५. बॅझेटच्या सूत्राने ४८० ला ०.८ च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.८९४ ने भागायचं: ५३७. फ्रिडेरिशियाच्या सूत्रात घनमूळ घेतात, ०.९२८: ५१७. दोन्ही आकडे ५०० च्या वर, आणि त्यात पेशंट भोवळ येऊन पडलेली. आता वाट बघायची नाही.

उलट टोकाचंही एक सांगतो. एक तरुण मुलगा रिस्पेरिडोनवर. घाबरलेला, ठोके ११०. यंत्राने ४८७ छापलं आणि कुणीतरी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. मोजलेला क्यूटी ३६० होता. बॅझेट जलद ठोक्यांत आकडा फुगवतो. फ्रिडेरिशियाने काढलं तर ४४१, पुरुषाची ४५० ची मर्यादा धरली तर ठीक. त्या मुलाला पंधरा दिवसांत पुन्हा आवाज ऐकू यायला लागले. ठोके ९० च्या वर असतील तर माझा विश्वास फ्रिडेरिशियावर. बंडल ब्रँच ब्लॉक असेल तर क्यूआरएसच रुंद असतो आणि क्यूटी उगाच लांब दिसतो. तिथे आकडा मनाने ठरवू नका, हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

काकूंचं काय केलं? ईसीजी बघताक्षणी मॉनिटर असलेल्या रुग्णालयात पाठवलं, शॉक मशीन जवळ असेल अशा ठिकाणी. ओन्डान्सेट्रॉन, ओफ्लॉक्सासिन, एस्सिटालोप्रॅम, क्वेटियापिन, ओमेप्राझोल, क्लोरथॅलिडोन, सगळं बंद. रक्तात पोटॅशियम २.९ आणि मॅग्नेशियम १.४. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम दहा-पंधरा मिनिटांत शिरेतून दिलं. मॅग्नेशियमची पातळी चांगली असली तरी टॉर्सादमध्ये ते द्यायचंच असतं. पोटॅशियम हातातल्या शिरेतून तासाला १० मिलिमोलच्या आत, जपून. लक्ष्य ४.५ च्या आसपास. मॅग्नेशियम भरून काढलं नाही तर पोटॅशियम वर चढतच नाही, हे नीट लक्षात ठेवा. उलट्या थांबवायला सलाईन आणि ओआरएस पुरलं. पाण्यासारख्या जुलाबांना अँटिबायोटिक लागतंच असं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ४.४. एस्सिटालोप्रॅम शरीरातून निम्मं उतरायला साधारण ३० तास घेतं, म्हणजे पूर्ण जायला जवळजवळ आठवडा. त्यामुळे ‘बंद केलं, आता चिंता नाही’ असं पहिल्याच दिवशी म्हणता येत नाही. आठव्या दिवशी मोजलं: क्यूटी १० चौकोन, आरआर २१. फ्रिडेरिशियाने ४२४. त्यानंतर सर्ट्रॅलिन २५ पासून सुरू केलं. याच कुळातलं औषध, पण क्यूटीवर परिणाम कमी. पुढे ५० केलं, दोन आठवड्यांनी पुन्हा ईसीजी. बीपीला अम्लोडिपिन. झोपेसाठी क्वेटियापिन पुन्हा दिलं नाही. मुलगा म्हणत होता, "त्या मनाच्या गोळ्याच नकोत आता." त्याला समजावायला सर्वात जास्त वेळ गेला, कारण आधीच्या नैराश्यात काकूंनी पंधरा दिवस जेवण सोडलं होतं आणि ते त्यानेच पाहिलं होतं.

मग ईसीजी कुणाचा काढायचा? पंचवीस वर्षांच्या निरोगी मुलीला एस्सिटालोप्रॅम १० सुरू करताना मी काढत नाही. काढतो ते साठी-पासष्टी ओलांडलेल्यांचा, हृदयरोग्यांचा, लघवीच्या गोळीवर असणाऱ्यांचा, पूर्वी भोवळ येऊन पडलेल्यांचा, आणि क्यूटी लांबवणारं दुसरं औषध जोडताना. हॅलोपेरिडॉल, अमिसल्प्राइड, झिप्रासिडोन, मेथाडोन यांच्या आधी एक. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांनी दुसरा. पहिला नसेल तर दुसरा कशाशी ताडून बघणार? आणि एकदा काढला म्हणजे झालं असंही नाही. तीव्र जुलाब-उलट्या, अझिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल सुरू होणं, अंगाला सूज येऊन फ्युरोसेमाइड चालू होणं, हे सगळे पुन्हा काढायचे प्रसंग. क्षयाच्या प्रतिकारक प्रकारात बेडाक्विलिन चालू असेल तर फोन उचलून क्षयरोगाच्या डॉक्टरांशी बोला.

घरचा इतिहास विचारताना आपल्या भागात एक प्रश्न वाढवा. मामाच्या मुलीशी, काही समाजांत थेट मामा-भाचीचं लग्न इथे अजून होतं. जन्मजात बहिरेपणा आणि लहानपणापासून येणारी भोवळ एकत्र दिसली, तर वंशपरंपरेने येणारा लांब क्यूटी मनात आणा. पोहताना किंवा अचानक मोठा आवाज झाल्यावर पडणारा पोर ‘मिरगीचा’ म्हणून वर्षानुवर्षं औषध घेत असतो. काकूंच्या हातपाय वाकडे होण्याचंही तेच झालं असतं.

आकड्यावर काय करायचं ते थोडक्यात. पुरुषाला ४५०, बाईला ४६० च्या खाली असेल तर चालू ठेवा. त्याच्या वर पण ५०० च्या खाली असेल तर आधी सोप्या गोष्टी हलवा: पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरा, ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल, उगाच जोडलेलं औषध काढा, मात्रा बघा, आणि एक-दोन आठवड्यांत पुन्हा मोजा. मनोविकाराचं मूळ औषध सर्वात शेवटी, तेही मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून. ५०० च्या वर गेला, किंवा आधीपेक्षा ६० ने वाढला, तर त्याच दिवशी कारवाई. भोवळ आली असेल तर आकडा कितीही असो, मॉनिटर.

एक प्रश्न आला आहे: दारू सुटल्यावर बडबड करणारा, थरथरणारा पेशंट रात्री दोन वाजता येतो, ईसीजी नाही, हॅलोपेरिडॉल द्यायचं का? आधी लोराझेपाम किंवा डायझेपाम, भरपूर. त्यांचा क्यूटीवर परिणाम नाही आणि मुळात इलाज तोच आहे. थायामिन सलाईनच्या ग्लुकोजआधी. दारुड्याचं मॅग्नेशियम बहुतेक वेळा कमीच असतं, ते द्या. एवढ्यानेही आवरला नाही तर हॅलोपेरिडॉल स्नायूत, कमी मात्रेत, आणि सकाळी पहिला ईसीजी त्याचाच. शिरेतून मात्र मॉनिटरशिवाय देऊ नका.