हयातीचा दाखला: एक पेन्शन आली, दुसरी कुठे अडकली?

काकूंना दोन पेन्शन येतात. एक त्यांची स्वतःची, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या त्याची, आणि दुसरी काका रेल्वेत होते त्यांच्या पश्चात मिळणारी फॅमिली पेन्शन. दोन्ही वेगवेगळ्या बँकेत. डिसेंबर संपला, नर्सची पेन्शन आली आणि रेल्वेची आलीच नाही. काकूंचं म्हणणं एकच, अहो मी दाखला दिलाय ना, नोव्हेंबरमध्येच दिलाय, मोबाईलवर मेसेजसुद्धा आलाय.

आणि त्या खरंच सांगत होत्या, दाखला दिलेला होता. तरी पेन्शन थांबली, कशी ते आता बघू.

(दृश्य: बँकेतलं टेबल, छापील यादी, नावापुढे सही)

आधी नर्सची पेन्शन. महाराष्ट्र सरकारच्या पेन्शनरांचं काम कोषागारातून, म्हणजे ट्रेझरीतून चालतं. नोव्हेंबर आला की ट्रेझरीकडून बँकेच्या शाखेत पेन्शनरांची यादी येते, आपण जायचं, यादीत आपलं नाव शोधायचं आणि त्यापुढे साहेबांसमोर सही करायची, सही जमत नसेल तर अंगठा. बँक ती यादी परत ट्रेझरीला पाठवते. काकूंनी हे केलं, म्हणून ती पेन्शन चालू राहिली.

पण त्या यादीत काकांच्या रेल्वेचं काहीच नसतं. रेल्वेची पेन्शन केंद्राची, तिचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, त्याचा नंबर वेगळा, वाटणारी बँक वेगळी. आधार कार्ड एक, माणूस एक, तरी दाखले दोन द्यावे लागतात, कारण दाखला जोडला जातो तो पीपीओला. जेवढे पीपीओ तेवढे दाखले, हे एक वाक्य कागदावर लिहून पासबुकात ठेवा, कारण नवरा-बायको दोघं नोकरीला होते अशा घरात हाच घोळ होतो.

मग रेल्वेच्या पेन्शनसाठी पुतण्याने मोबाईलवरून डिजिटल दाखला काढला. ही जीवन प्रमाण नावाची सोय 2014 च्या नोव्हेंबरपासून आहे, आधी बोटाचा ठसा नाहीतर डोळ्याचं स्कॅन लागायचं, 2021 पासून साध्या फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही होतं. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात ना वयामुळे, आयुष्यभर भांडी घासून, शेतात राबून, मशीनवर बोट ठेवलं की परत परत फेल, त्या लोकांना चेहऱ्याची सोय फार मोठी आहे.

(दृश्य: फोनची स्क्रीन, पुतण्याचा हात)

दोन अ‍ॅप लागतात, AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan. उघडल्यावर पहिल्यांदा अ‍ॅप ज्याचा फोन हाताळतोय त्याचा आधार नंबर मागतं, त्याला ऑपरेटर म्हणतात. इथे खूप लोक घाबरतात, की माझा आधार कशाला, पेन्शन तर काकूंची आहे. घाबरायचं कारण नाही, ते एकदाच करायचं असतं, ओटीपी टाकायचा, स्वतःचा चेहरा स्कॅन करायचा आणि मग पुढे पेन्शनरची माहिती सुरू होते.

काकूंचा आधार नंबर, मोबाईल, ओटीपी, नाव आधारवर आहे तसंच. मग पेन्शन कुठल्या प्रकारची, मंजूर करणारं ऑफिस कुठलं, पैसे वाटणारी बँक कुठली, पीपीओ नंबर, खाते नंबर. पुन्हा नोकरी करता का, पुन्हा लग्न केलंय का हेही विचारतात, आणि दोन्हीपैकी कुठेही उत्तर हो असेल तर डिजिटल दाखला चालत नाही, कागदावरच द्यावा लागतो. शेवटी चेहरा. खिडकीकडे तोंड करून बसवा, उजेड पाठीमागून नको, चष्म्यावर चमक येत असेल तर काढा, आणि स्क्रीनवर सांगितलं की डोळे मिचकवायचे.

काकूंनी डोळे मिचकवले, स्कॅन झालं, मेसेज आला, प्रमाण आयडी, म्हणजे त्या दाखल्याचा नंबर मिळाला, सगळ्यांना वाटलं झालं काम.

इथेच अडलं. प्रमाण आयडी आला याचा अर्थ एवढाच की आधारवाली बाई आणि कॅमेऱ्यासमोरची बाई एकच आहे आणि ती हयात आहे. पेन्शन देणाऱ्या बँकेने तो दाखला स्वीकारला का, ते त्या मेसेजमध्ये नसतं. दाखला बँकेकडे जातो, बँक आपल्या रेकॉर्डशी ताडून बघते, आणि जुळलं नाही तर नाकारते.

(दृश्य: वेबसाईटवरचं सर्टिफिकेट, एका ओळीवर बोट)

jeevanpramaan.gov.in वर प्रमाण आयडी टाकून काकूंचं सर्टिफिकेट उघडलं तेव्हा समजलं. पेन्शनच्या प्रकारात Service निवडलं होतं. पुतण्याने विचार केला की काकू नोकरी करायच्या म्हणून Service, साहजिकच आहे, पण ही पेन्शन काकांच्या नोकरीची, काकूंना मिळते ती फॅमिली पेन्शन, तिथे Family पाहिजे होतं. शिवाय खाते नंबरही नर्सच्या पेन्शनवाल्या बँकेचा टाकलेला. बँकेने नाकारला तो यासाठी. नाकारल्याचा मेसेजही येतो, पण तो बाकीच्या ढिगात खाली गेला आणि कुणी वाचलाच नाही.

नाकारलेल्या दाखल्यात दुरुस्ती होत नाही, नवीन काढायचा. काकूंनी जानेवारीत परत काढला, ह्यावेळी पीपीओची झेरॉक्स समोर ठेवून, एकेक आकडा मोठ्याने वाचत, काकू वाचतायत आणि पुतण्या टाकतोय. नवा प्रमाण आयडी आला, दर वेळी नवाच येतो, मागच्या वर्षीचा जपून ठेवून काही उपयोग नाही. थोड्या दिवसांनी स्टेटस बघितलं, स्वीकारला होता. थांबलेल्या महिन्याचे पैसे बुडत नाहीत, दाखला लागला की थकबाकीसकट जमा होतात, काकूंचेही झाले. पण तेवढे दिवस औषधं उधारीवर आणावी लागली, ते कुणी भरून देत नाही.

घरात फोन हाताळणारं कुणी नसेल तर पोस्टमनला सांगा. 2020 पासून पोस्टाची पेमेंट्स बँक हे काम घरी येऊन करते, साधारण 70 रुपये घेतात. आणि नोव्हेंबरमध्ये कुणाचा फोन आला की तुमचा दाखला करून देतो, ओटीपी सांगा, तर फोन ठेवून द्या, बँक असं फोनवर करत नाही.

तारखांचं म्हणाल तर केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबर महिना, वय 80 च्या पुढे असेल तर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीच्या आधी उरकून घ्या. कंपनीतून रिटायर झालेले, पीएफवाली ईपीएस 95 ची पेन्शन घेणारे, त्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, वर्षात कधीही द्या, पण तो दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो, म्हणजे मार्चमध्ये दिला असेल तर पुढच्या मार्चच्या आत परत द्यायचा, शेजारचे नोव्हेंबरमध्ये जातात म्हणून तोपर्यंत थांबू नका.