सुईच्या आधीचे तीन दिवस

(दृश्य: रविवार, सकाळचे सात. फ्लॅटची बेल. कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला आलेली मुलगी पेटी उघडते आहे.)

"काल रात्री नऊनंतर पाण्याचा थेंबही घेतला नाही. अगदी निर्जळी!" सोफ्यावर बसलेले काका अभिमानानं सांगतात. मुलगी काही बोलत नाही. दंडाला पट्टा बांधते, कोपराच्या खळगीत बोटानं चाचपते, मग दुसरा हात मागते. शीर सापडत नाही.

"रात्री जेवण काय झालं, काका?"

उत्तर स्वयंपाकघरातून येतं. "पुतण्याची हळद होती. मटण होतं, आणि बाकीचंही होतं."

हे काका आपण या फिल्मपुरते कल्पिलेले आहेत. वय ५२, मधुमेह, रक्तदाब, आणि कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री एक गोळी. पण असे काका प्रत्येक सोसायटीत सापडतील.

(दृश्य: तिसऱ्या प्रयत्नात नळी भरते. प्रयोगशाळेत ती फिरवल्यावर वर आलेला द्रव थोडा गढूळ.)

काकांचे आकडे असे आले, असं धरू. एकूण कोलेस्टेरॉल २२८, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ४२, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड ३१०. आणि ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते एलडीएल, १२४. ट्रायग्लिसराइड पाहून काकू हबकल्या. काका मात्र १२४ वर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, हे तर ठीकच आहे!"

नेमकी इथेच गडबड आहे. बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, वजाबाकी करून काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. उरेल ते एलडीएल. ३१० चा पाचवा भाग ६२. २२८ वजा ४२ वजा ६२, बरोबर १२४. म्हणजे ट्रायग्लिसराइड फुगलं की वजा होणारा आकडा फुगतो आणि एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. ४०० च्या वर तर हे गणित वापरतच नाहीत.

ट्रायग्लिसराइड फुगलं कशानं? दारू पोटात गेली की यकृत आधी तिच्या मागे लागतं. चरबी जाळायचं काम मागे पडतं, ती चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडली जाते. त्यात मटणाचा तेलकट रस्सा असला की जेवणातली चरबी रक्तातून निघून जायलाही वेळ लागतो. बारा तास पोट रिकामं ठेवलं म्हणून आदल्या रात्रीचा हिशेब मिटत नाही. म्हणून चाचणीआधी किमान २४ तास दारू नको. दोन-तीन दिवस टाळली तर उत्तम, आणि ज्यांचं ट्रायग्लिसराइड आधीच जास्त आहे त्यांनी तेवढं टाळावंच. पण रोज पिणाऱ्यानं चाचणीसाठी म्हणून एकाएकी बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं इथपर्यंत त्रास जाऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना खरं काय ते सांगावं, एवढंच.

(दृश्य: स्टीलचा तांब्या, पेला. पाणी ओतण्याचा आवाज.)

आता त्या निर्जळीबद्दल. आपल्याकडे 'उपाशीपोटी' म्हटलं की 'उपास' ऐकू येतो. मग कुणी पाणी सोडतं, तर कुणी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतं. (विनोद नाही, रक्त घेणाऱ्या कुणालाही विचारा.) दोन्ही चूक. साधं पाणी प्यायचं, नेहमीसारखं, सकाळी उठल्यावरही एक-दोन पेले. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं, आणि शिरा दबतात. शीर शोधताना पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळलेला राहिला तर पट्ट्याखालचं रक्त आणखी दाटतं. काकांच्या बाबतीत दोन्ही झालं. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे असं समजा. लिंबू-मध, चहा, 'नुसता अर्धा कप कोरा' हे पाणी नव्हे.

उपाशी राहायचं ते साधारण दहा-बारा तास. हल्ली अनेक डॉक्टर पहिल्या तपासणीला उपाशी नसलं तरी चालवून घेतात. पण ट्रायग्लिसराइड जास्त आलं की उपाशीपोटी पुन्हा बोलावतात.

(दृश्य: पहाटेचं मैदान. धावणारी माणसं.)

काकांचा भाचा दुसऱ्या टोकाचा. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्यानं आदल्या दिवशी जिममध्ये पाय थरथरेपर्यंत बैठका मारल्या. दमवणाऱ्या व्यायामानं ट्रायग्लिसराइड एक-दोन दिवस खाली येतं, त्यामुळे रिपोर्ट गोड दिसतो. पण त्याच पॅकेजमध्ये यकृताची तपासणीही असते, आणि एसजीओटी हे एन्झाइम फक्त यकृतात नसतं, स्नायूंतही असतं. ताणलेल्या स्नायूंतून ते रक्तात उतरतं, आणि दारूला न शिवणाऱ्या मुलाला डॉक्टर विचारतात, "घेता का हो?" म्हणून आदला दिवस जड व्यायामाविना. रोजचं चालणं चालू द्यावं. फक्त सकाळचा फेरा रक्त दिल्यावर मारावा, आणि सुई टोचण्याआधी पाच-दहा मिनिटं शांत बसावं.

(दृश्य: गोळ्यांचा आठवड्याचा डबा. एक खण उघडतो.)

गोळ्यांपाशी मात्र थांबायला हवं. "औषधाशिवाय खरं किती आहे ते कळू दे" म्हणून बरेच जण कोलेस्टेरॉलची गोळी चार दिवस बंद करतात. गोळी थांबली की काही दिवसांत एलडीएल चढू लागतं. डॉक्टरांना वाटतं डोस अपुरा पडतोय, आणि ते तो वाढवतात. त्यांना बघायचं असतं ते गोळी चालू असताना किती आहे हे. ती चुकवायची नाही, आणि चुकली असेल तर लपवायची नाही. रक्तदाबाची सकाळची गोळी साध्या पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी. मधुमेहाचं तसं नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन रिकाम्या पोटी घेतलं तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळचा डोस रक्त देऊन नाश्ता करताना घ्यायचा का, हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. थायरॉइडची तपासणी त्याच नळीतून होणार असेल, तर त्या गोळीचंही विचारा.

(दृश्य: पुन्हा तोच सोफा. तीन आठवड्यांनंतर.)

काकांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी तीन दिवस दारू नाही, पण रोजचं जेवण जसंच्या तसं. भाकरी, भाजी, बुधवारची अंडीसुद्धा. आठवडाभर उकडलेलं खाऊन आणलेला रिपोर्ट त्या आठवड्याचाच असतो. सकाळी दोन पेले पाणी प्यायलेले, शीर पहिल्या झटक्यात मिळाली.

ट्रायग्लिसराइड १६५. काकूंचा जीव भांड्यात पडला. एकूण कोलेस्टेरॉल २१४, एचडीएल ४१. आता वजाबाकी करा: १६५ चा पाचवा भाग ३३, आणि २१४ वजा ४१ वजा ३३.

१४०.

"म्हणजे वाढलं?" काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वाढलं नाही. बहुधा तेव्हाही असंच असणार, दिसलं नव्हतं." मधुमेह असलेल्या माणसाला हा आकडा चालत नाही. त्यांनी रात्रीच्या गोळीचा डोस बदलला, आणि दोन महिन्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहिली. काकूंनी कॅलेंडर काढून त्या आठवड्यात कुणाचं लग्न आहे का ते बघितलं.