खाज उशिरा सुटते

नमस्कार. परिपाठाला रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींनो, शिक्षकहो आणि घरी रेडिओ ऐकणाऱ्या श्रोत्यांनो, आज टॉवेल, कंगवा आणि रेझर या तीन वस्तूंबद्दल बोलायचं आहे. या तिन्ही वस्तू ज्याच्या त्याने स्वतःच्याच वापराव्यात, हे तुम्ही घरी ऐकलेलं असेल. पण ‘कालच तर मित्राचा टॉवेल वापरला, मला कुठे काय झालं?’ असंही तुमच्या मनात येत असेल. हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दिवसांच्या हिशेबात आहे, म्हणून आपण एक टॉवेल घेऊ आणि त्याच्यामागे दिवस मोजत जाऊ.

समजा, शनिवारी सामना झाला. तीन मुलं घामाने निथळत कपडे बदलायला आली आणि टॉवेल एकाकडेच आहे. त्याला जांघेत गजकर्ण आहे. लाजेपोटी त्याने ते कोणाला सांगितलेलं नाही. तो अंग पुसतो आणि टॉवेल दुसऱ्याकडे देतो. दुसऱ्याचा गुडघा सामन्यात खरचटलेला आहे. शेवटी टॉवेल तिसऱ्याकडे जातो. त्याला जखम नाही, पण अंग ओलं आहे आणि काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली घाम साठलेला आहे.

गजकर्ण होतं ते एका प्रकारच्या बुरशीमुळे. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातलं केराटिन हे तिचं अन्न. केसांत आणि नखांतही तेच केराटिन असतं, म्हणून ही बुरशी तिथेही वाढते. गजकर्णाच्या कडेवरून सतत बारीक कोंडा सुटत असतो आणि त्यात बुरशीचे जिवंत कण असतात. टॉवेल घासला की हा कोंडा त्याच्या धाग्यांत अडकतो. पुढचा माणूस तोच टॉवेल अंगावर घासतो, तेव्हा ते कण त्याच्या ओल्या कातडीवर चोळले जातात. हात मिळवताना कातडीला कातडी क्षणभर लागते. टॉवेल मात्र आपण मुद्दाम काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत दाबून फिरवतो, आणि बुरशीला नेमक्या ह्याच जागा मानवतात.

शनिवारी रात्री तिघेही मजेत असतात. रविवारी, सोमवारी काहीच नाही. गजकर्ण दिसायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात. दहाव्या दिवशी तिसऱ्या मुलाच्या कमरेवर चार आण्याएवढा लाल ठिपका उमटतो. तो हळूहळू पसरतो, मधला भाग निवळतो आणि कड उंच, खवलेदार, खाजरी राहते. आता त्याला आठवतं ते काल चावलेलं चिलट, नवा साबण किंवा घट्ट पँट. दहा दिवसांपूर्वीचा टॉवेल कोणाच्या लक्षात राहणार? चूक आणि तिचं फळ यांच्यात इतकं अंतर पडल्यामुळे टॉवेल दरवेळी निर्दोष सुटतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिघांत फिरतो.

दुसऱ्या मुलाचं काय झालं? त्याला बुरशीपेक्षा स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा धोका जास्त होता. शंभरातल्या सुमारे तीस निरोगी माणसांच्या नाकात हा जिवाणू मुक्कामाला असतो आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. नाक पुसलेल्या हातातून तो टॉवेलवर येतो. अखंड कातडी त्याला बाहेर ठेवते, पण खरचटलेल्या गुडघ्यावर दार उघडंच असतं. काही दिवसांत तिथे पू धरतो, गळू होतं, किंवा लहान मुलांत दिसते तशी मधाच्या रंगाची खपली येते. २००३ साली अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात असंच घडलं होतं. ५८ पैकी ५ खेळाडूंना, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची मिळून ८ गळवं झाली, आणि तीही मैदानावर सोलवटलेल्या जागीच. तपास करणाऱ्यांना दिसलं की मैदानावर एकेक टॉवेल तीन-तीन खेळाडू वापरत होते. संघासोबत डॉक्टर आणि इतर मदतनीस असतानाही हे घडलं.

म्हणून खेळाच्या पिशवीत स्वतःचा टॉवेल हवाच. टॉवेल घरी राहिला, तर हाताच्या तळव्याने अंगावरचं पाणी निपटून काढा आणि आपल्याच घालून आलेल्या शर्टाच्या कोरड्या भागाने अंग टिपा. दुसऱ्याच्या टॉवेलपेक्षा आपला घामट शर्ट बरा, कारण त्यावर जे काही आहे ते आपल्याच अंगावरचं असतं. खरचटलेली जागा आधी साबणपाण्याने धुऊन झाकून घ्या. घरी गेल्यावर ओला टॉवेल पिशवीत गुंडाळून ठेवू नका, दोरीवर एकेरी पसरा. घडी घालून टांगलेला टॉवेल आत तासन्‌तास दमट राहतो.

धुण्यातली एक चूक फार घरांत होते. गजकर्ण झालेल्या माणसाचा टॉवेल सगळ्यांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजत घालतात. साध्या किंवा कोमट पाण्यात बुरशी मरत नाही, उलट शेजारच्या कपड्यांवर जाते. त्यासाठी पाणी ६० अंश सेल्सिअस तरी हवं. मशीन असेल तर तो आकडा लावता येतो. हाताने धुणार असाल तर मोठ्या माणसांना सांगा : दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी एकत्र केलं की मिश्रण साधारण ७५ अंशांवर येतं. बादली आणि कापड थोडी उष्णता खेचून घेतात, तरी सुरुवातीला पाणी साठच्या वर राहतं. टॉवेल त्यात काठीने बुडवून ठेवा, मग साबण लावून धुवा आणि खडखडीत वाळवा. हे काम मुलांनी एकट्याने करू नये, त्या पाण्याने हात भाजतो.

आता कंगवा. कंगव्याचं नाव निघालं की सगळ्यांना उवा आठवतात, पण उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून जातात. उवेला रक्त मिळालं नाही की ती एक-दोन दिवसांत मरते. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे इथेही तोच उशीर. कंगव्याची मला अधिक काळजी वाटते ती डोक्यातल्या गजकर्णामुळे. यात केस कातडीलगत तुटतात, टक्कल पडल्यासारखा चट्टा दिसतो आणि त्यावर कोंडा किंवा काळे ठिपके असतात. तुटलेल्या केसांत बुरशी असते, ते केस कंगव्याच्या दातांत अडकतात आणि तिथे ती महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते. अंगावरच्या गजकर्णाला मलम पुरतं. डोक्यातल्या गजकर्णाला पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळाशी शिरलेली असते आणि मलम तिथवर पोचत नाही. त्याला पोटातून औषध घ्यावं लागतं, आणि तेही बहुधा सहा ते आठ आठवडे. एकदा केस विंचरायला उसना घेतलेला कंगवा एवढा महाग पडतो.

कंगवा धुताना आधी दातांत अडकलेले केस काढून टाका, मग जुन्या ब्रशने साबण लावून घासा. घरात उवा झाल्या असतील तर तो ५५ अंश किंवा त्याहून गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. घरात कोणाला डोक्यातलं गजकर्ण झालं असेल, तर मी कंगवा धुण्याच्या भानगडीत पडायला सांगणार नाही. तो सरळ टाकून द्या आणि नवा घ्या.

रेझरबद्दल मोठ्या वर्गातल्या मुलामुलींशी बोलायचं आहे. मिसरूड फुटायला लागली की घरातला, नाहीतर वसतिगृहातल्या मित्राचा रेझर हाती येतो. पातं केसांबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही खरवडतं आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक छेद पाडतं. त्या छेदांतून रक्ताचा अंश पात्यावर येतो. टॉवेल आणि कंगव्यापेक्षा रेझर वेगळा आहे तो इथे, कारण त्यातून रक्तातले आजारही जाऊ शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस टिकतो. यकृताला सूज आणणारा हा आजार लक्षणं दाखवायला दोन ते पाच महिने घेऊ शकतो. एवढ्या उशिरा रेझर कोणाला आठवेल? चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळीही दाढीच्या पात्याने पसरतात, कधीकधी पातं फिरलं त्या रेषेत ओळीने उगवतात.

टॉवेल उकळता येतो, कंगवा धुता येतो. रेझरसाठी मात्र मी कुठलीच युक्ती सांगत नाही. नळाखाली धरल्याने किंवा कापसाने पुसल्याने पात्यांच्या फटीतलं रक्त निघेलच असं नाही. एका माणसाचा एक रेझर, भावाभावांतसुद्धा. घरात सगळे रेझर एकसारखे असतील तर मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा.

आता पुन्हा त्या तिसऱ्या मुलाकडे येऊ. त्याने काय करावं? खाज लवकर थांबवणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमं दुकानात सहज मिळतात, ती त्याने लावू नयेत. दोन-तीन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, पण बुरशी पसरत राहते आणि तिची ओळखीची गोल कड पुसट झाल्याने नंतर डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. त्याने आधीच डॉक्टरांना दाखवावं. बुरशीवरचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असं लावावं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावं. पायाच्या बोटांतही बुरशी असेल तर पाय सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने पुसावेत आणि आतले कपडे चढवण्याआधी मोजे घालावेत, म्हणजे पायाची बुरशी कपड्यांबरोबर जांघेत चढत नाही.

दुसऱ्या मुलाच्या गुडघ्याभोवतीची लाली वाढत असेल, ताप असेल किंवा गळू चेहऱ्यावर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. गळू दाबून फोडू नये. मधाच्या रंगाची खपली असलेल्या मुलाने प्रतिजैविक सुरू झाल्यापासून २४ तास घरी राहावं. गजकर्णाचे उपचार सुरू झाले आणि चट्टा झाकलेला असला, की त्या मुलाला शाळेत यायला आणि तुमच्या बाकावर बसायला काहीच हरकत नाही. त्याला दूर लोटलंत तर पुढच्या वेळी तो चट्टा लपवेल, पहिल्या मुलाने लपवला तसाच.

आणि तिसऱ्या मुलाने ही गोष्ट उरलेल्या दोघांना सांगायला हवी. तिघांनीही चांगल्या उजेडात आपापली जांघ, काखा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, आणि आज काही दिसलं नाही तरी चौदा दिवस भरेपर्यंत पुन्हा पाहत राहावं.