तीन तास लिहिले, पाच लागले

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी प्रवासाचे आराखडे लिहितो. कुठे उतरावं, सकाळी किती वाजता निघावं, खर्च किती येईल, काय टाळावं, हे सगळं दुसऱ्याला वापरता येईल असं लिहायचं, एवढंच माझं काम. आज एका दिवसाची गोष्ट सांगतो, कारण त्या एका दिवसात माझ्या तिन्ही चुका सापडतात. वेळ चुकली, खर्च चुकला, आणि जे आवडलं नव्हतं ते आवडलं म्हणून लिहून बसलो.

दिवस असा होता. मुक्कामाच्या गावातून बसने डोंगराच्या पायथ्याशी जायचं, वर एक जुना किल्ला आहे तो पाहायचा, उतरताना बाजूचा धबधबा करायचा आणि संध्याकाळच्या बसने परत. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य लिहिलं: ‘गावातून किल्ल्याच्या माथ्यावर पोचायला साधारण तीन तास लागतात.’ हे मी खोटं लिहीत नव्हतो. नकाशावर बसचा रस्ता एक तास चाळीस मिनिटांचा दिसत होता आणि चढण मी हिशेबाने काढली होती.

चढणीचा हिशेब सांगतो, तो उपयोगाचा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला. सपाटीवर ताशी साधारण ५ किलोमीटर धरायचे आणि चढलेल्या प्रत्येक ६०० मीटर उंचीला एक तास वाढवायचा. आमची वाट ३ किलोमीटरची, चढ ४५० मीटरचा. म्हणजे अंतराची ३६ मिनिटं आणि उंचीची ४५, एकूण ८१. एक चाळीस आणि एक वीस, झाले तीन तास. हिशेब अगदी चोख.

मग सहज म्हणून त्या दिवसाचे फोटो उघडले. प्रत्येक फोटोत तो काढल्याची वेळ नोंदलेली असते, आपण ती बघत नाही इतकंच. खोलीच्या दाराशी काढलेला फोटो ७ वाजून ५ मिनिटांचा. बस थांब्यावरचा ७:२०चा. त्यानंतर बायकोचा एक वैतागलेल्या चेहऱ्याचा फोटो आहे ७:४०चा, कारण साडेसातची बस भरून निघून गेली होती आणि आम्ही पुढच्या बसची वाट पाहत उभे होतो. ती ७:५५ला सुटली. पायथ्याशी ९:५०, म्हणजे एक चाळीस नाही, एक पंचावन्न. तिकिटाच्या रांगेत पंधरा मिनिटं. चढायला सुरुवात १०:०५ला आणि माथ्यावरचा पहिला फोटो १२:१०चा.

दारापासून माथ्यापर्यंत पाच तास पाच मिनिटं. मी तीन लिहिले होते.

गेले कुठे ते दोन तास? बघा, नेस्मिथच्या नियमात विश्रांती धरलेलीच नाही. तो न थांबता नेमाने चालणाऱ्या माणसाचा नियम आहे. पाणी प्यायला टेकणं, बुटाची नाडी बांधणं, मागे राहिलेल्याची वाट बघणं, हे सगळं वरचं. आमची अशी पंचवीस मिनिटं गेली, आणि उरलेला फरक आमच्या दमाचा. बसच्या वेळेत थांब्यापर्यंतचं चालणं नव्हतं, वाट पाहणं नव्हतं, रांग नव्हती. नकाशा दोन टोकांमधली वेळ देतो, त्या टोकांशी आपण किती रेंगाळतो ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून मी आता वेळ लिहितो ती दारापासून दारापर्यंतची, आणि तिचे तुकडे वेगळे दाखवतो. वाचणारा माझ्यापेक्षा चपळ असेल तर चढणीचा तुकडा तो कमी करेल, पण बसची वाट पाहणं काही त्याला कमी करता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, दोन तासांनी काय बिघडतं? परतीची शेवटची बस पाचची होती. उतरायला सत्तर मिनिटं. थोडी सवड ठेवून माथा सव्वातीनला सोडावा लागतो. माझं ‘तीन तास’ वाचून कोणी निवांत नऊला निघाला, तर तो माथ्यावर दोनच्या पुढे पोचणार आणि त्याच्या हातात जेमतेम सत्तर मिनिटं राहणार. किल्ला नीट बघायला दोन तास लागतात, आणि धबधब्याचं तर नावच नको. माझ्या एका गोड वाक्याने त्याचा दिवस गेला असता. म्हणून किती वेळ लागतो यापेक्षा उशिरात उशिरा किती वाजता निघावं हे मी आधी लिहितो, शेवटच्या बसपासून उलटं मोजत.

फोटोंच्या वेळेबद्दल एक सावधगिरी. फोन आपला आपण स्थानिक वेळेवर येतो, वेगळ्या कॅमेऱ्याचं घड्याळ तसंच राहतं. परदेशात तर तासांचा घोळ होतो. पहिल्या दिवशी स्टेशनवरच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा, फरक लगेच कळतो. आणि सोबत्याने निरोपातून पाठवलेल्या फोटोंवर विसंबू नका, त्यांत बहुधा काढल्याची मूळ वेळ उरत नाही.

आता खर्च. तिथली माझी चूक म्हणजे ‘माणशी’ एकच आकडा लिहिणं. इथे आकडे मी मुद्दाम कुठल्याच चलनात सांगत नाही, हिशेबाचा आकार बघा. समजा दोघं तीन रात्री गेले. खोलीचे ९००, दोन दिवसांच्या भाड्याच्या गाडीचे १२००, तिकिटं माणशी १५०, जेवणखाण माणशी ३००. एकूण ३०००, म्हणजे माणशी १५००. ‘माणशी १५००’ हा आकडा दिसायला फार प्रामाणिक वाटतो. पण एकटा माणूस तो वाचून निघाला तर त्याला खोली अर्धी मिळत नाही आणि गाडीही अर्धी मिळत नाही. त्याचे २५५० जातात. चौघं गेले तर दोन खोल्या आणि एक गाडी, माणशी १२००. आणि पाचवा आला की गंमत होते. गाडीत चारच बसतात, म्हणून दुसरी गाडी, तिसरी खोली, आणि माणशी आकडा उडी मारून १४७०वर. म्हणजे माणसं वाढली की स्वस्त पडतं, हेसुद्धा सरसकट खरं नाही.

एक ‘माणशी’ आकडा देण्याऐवजी दोन ढीग करा. डोक्यागणिक वाढणारा खर्च एका बाजूला, गाडी-खोलीसारखा एकगठ्ठा खर्च दुसऱ्या बाजूला, आणि एका गाडीत, एका खोलीत किती माणसं मावतात तेही लिहा. बाकीचं वाचणारा स्वतः करतो. परदेशातला खर्च ज्या चलनात दिला त्याच चलनात नोंदवा आणि तारीख घाला. कार्डाच्या यंत्राने ‘तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का’ असं विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर दर बहुतेक वेळा महाग लागतो. त्या पावतीवरून काढलेला खर्च तुमच्या होकाराचा असतो, जागेचा नव्हे.

निराशेकडे येतो. याच दिवसाबद्दल मी लिहिलं होतं, ‘उतरताना लागणारा धबधबा मन प्रसन्न करतो.’ मग पाकिटात बसचं तिकीट सापडलं. त्याच्या मागे माझ्याच अक्षरात होतं: ‘पाणी दोरीएवढं. फोटोला रांग. पाय दुखले. कशाला आलो.’

दोन्ही मीच लिहिलेलं, मधे तीन आठवडे. यावर अभ्यास झालेला आहे. टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहलीला जाणाऱ्यांना आधी, सहलीत असताना आणि नंतर विचारलं, आणि तो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. एक गट युरोपच्या सहलीचा होता, एक कॅलिफोर्नियात तीन आठवडे सायकलने फिरणाऱ्यांचा. आधी मोठी अपेक्षा, प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी मजा, आणि नंतर आठवण पुन्हा गोड. सायकलवाल्यांना पावसाने, दमाने त्रास झाला होता, तो मागाहून फिका पडला. माझा धबधबाही असाच गोड झाला. त्यामुळे काय खटकलं ते त्याच रात्री लिहायचं, मग तिकिटाच्या मागे का होईना.

पण तिकिटामागचं तसंच छापायचंही नाही. ‘कशाला आलो’ यातून वाचणाऱ्याला काय कळणार? मी प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारतो: हे उद्या दुसऱ्या कोणी गेलं तरी असंच असेल का? पाय दुखले ते माझे, ते गाळायचं. फोटोची रांग दुपारची होती, सकाळी लवकर कदाचित नसेल, म्हणून वेळेसकट लिहायचं. पाणी दोरीएवढं होतं कारण पाऊस संपून चार महिने झाले होते. ते महिना सांगून लिहायचं, कारण त्या दिवसांत जाणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसणार.

चौथी गोष्ट माझ्या डोक्यातली होती. मी आधी जे फोटो पाहिले होते त्यांत पाणी दुधासारखं पांढरंशुभ्र, भरघोस होतं. असे फोटो कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त उघडा ठेवून काढतात. तेवढ्या वेळात पडणारं सगळं पाणी एकावर एक चढून एकच पांढरा पट्टा दिसतो, आणि बारीक धारही भरलेली वाटते. खोल्यांचंही तेच, रुंद कोनाच्या भिंगातून कोपऱ्यातून काढलेली खोली दालनासारखी दिसते. यात जागेने कुणाला फसवलेलं नसतं. म्हणून धबधब्यासोबत मी माझा साध्या फोनने काढलेला फोटो देतो, शेजारी माणूस उभा असलेला, म्हणजे मापाचा अंदाज येतो.

शेवटी ते वाक्य असं झालं: ‘पाऊस संपून चार महिन्यांनी, दुपारी दोनला पाहिला. एक बारीक धार होती, फोटोसाठी वीस मिनिटं थांबावं लागलं. याच सुमारास जात असाल तर हा वळसा गाळा आणि तो तास किल्ल्यावर घालवा.’

मागून एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘सोबत्याला तेच आवडलं असेल तर काय लिहायचं?’ आमचं तसंच झालं. बायकोला धबधब्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी रांगेत कुरकुरत होतो तेव्हा ती खालच्या कुंडाशी सावलीत बसून पाण्यावरच्या चतुर किड्यांचं चित्र काढत होती. मी ते आराखड्यात एका ओळीत घातलं आहे, ‘कुंडाशी दुपारी सावली असते, बसायला सपाट खडक आहे.’ तो खडक मी पाहिलासुद्धा नव्हता.